गच्चीवरचं पाणी मोजायला बसलो आणि 29 लाखांचे 5 लाख झाले

आमच्या सोसायटीत दर मार्चला टँकर सुरू होतात आणि दर मार्चलाच कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं की अरे रेन वॉटर हार्वेस्टिंग करून टाकू. मग जून येतो आणि सगळे विसरतात. यावेळी डिसेंबरमध्येच एका कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं, 3 लाख 85 हजारांचं, आणि त्यात ठळक अक्षरात लिहिलेलं, "वार्षिक जलसंचय क्षमता 29,25,000 लिटर". मीटिंगमध्ये सगळ्यांचे डोळे चमकले कारण खजिनदार काकांनी लगेच हिशोब केला की 10 हजार लिटरचा टँकर धरला तर हे 292 टँकर झाले, म्हणजे पैसे वर्षभरात वसूल. मी सहज विचारलं की हा आकडा आला कुठून, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. मी सिव्हिलवाला नाही, अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा हे वाचून "मला जमणार नाही" असं वाटत असेल तर मलाही तसंच वाटत होतं.

सोसायटी पुण्यात, सात मजल्यांच्या दोन विंग (ए आणि बी, अगदी आरशातल्यासारख्या सारख्या), एक छोटी सी विंग आणि एक क्लबहाउस.

पहिल्या रात्री मी एवढंच केलं की त्याच्या आकड्याला प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागलं. प्लॉट 3,900 चौरस मीटर. 29,25,000 भागिले 3,900 म्हणजे बरोब्बर 750. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, आणि पुण्यात वर्षाला साधारण 750 मिमी पाऊस धरतात, म्हणजे ह्या माणसाने पूर्ण प्लॉट गुणिले पूर्ण पाऊस एवढंच केलेलं. बाग, पेव्हर ब्लॉक, गच्ची, सगळीकडे पडलेला थेंब न थेंब पाइपात जाणार असं धरलेलं! तुमच्याकडे असं कोटेशन आलं तर आधी हा भागाकार करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरा आकडा काढायचा तर जागेचे तुकडे पाडायला हवे होते. कुठल्या पृष्ठभागावर किती चौरस मीटर, आणि त्यावर पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो. हा हिस्सा म्हणजेच रनऑफ कोइफिशियंट, आपल्या पुस्तकांत अपधाव गुणांक म्हणतात. 0.8 म्हणजे शंभर लिटर पडले तर ऐंशी वाहून आले, बाकीचे भिजण्यात, मुरण्यात, वाफ होण्यात गेले.

मंजूर नकाशा सोसायटीकडे नव्हता, बिल्डरकडे मागितला तर "शोधतो" म्हणाला. 14 जानेवारीला माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, मला मिळालं 26 फेब्रुवारीला, तेही दोनदा चक्कर मारून. टिप अशी की अर्जात "सोसायटीचा नकाशा" असं मोघम न लिहिता "अंतिम मंजूर ले-आउट व टेरेस प्लॅनची प्रत" असं लिहा आणि सर्व्हे नंबर घाला, मी आधी मोघम लिहिलं म्हणून एक चक्कर जास्त झाली. तोवर हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा मी उपग्रहाच्या फोटोवर मोजायला लागलो.

गुगल अर्थ प्रो लॅपटॉपवर फुकट मिळतं. त्यात वर Ruler आहे, त्यात Polygon टॅब, गच्चीच्या कडेने एकेक क्लिक करत फिरायचं की खाली क्षेत्रफळ दिसतं, एकक चौरस मीटर निवडायचं. ए विंगचं निघालं 627. मी खूश. मग बी विंग मोजली तर तीही तेवढीच, म्हटलं वा, आपला हात चांगला बसलाय.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना स्क्रीनकडे बघत होतो तेव्हा लक्षात आलं की ए विंगच्या "गच्ची"च्या दक्षिण कडेला ओळीने छोटे छोटे चौकोन दिसतायत. गच्चीवर खिडक्या?! ती गच्ची नव्हतीच, ती बिल्डिंगची भिंत होती. उपग्रह अगदी डोक्यावरून फोटो घेत नाही, थोडा तिरका बघतो, त्यामुळे उंच इमारत फोटोत एका बाजूला कललेली दिसते आणि तिची एक भिंत उघडी पडते. आमच्या सात मजल्यांची साधारण पाच मीटर रुंदीची भिंत मी गच्चीत धरली होती, म्हणजे दीडशे चौरस मीटरची फुकटची गच्ची. बी विंगही तशीच कललेली, म्हणून ती चूक तिथेही तेवढीच झाली होती आणि मी तिलाच पुरावा समजत होतो. ह्याची ओळख म्हणजे रंग बदलतो, सावली असते आणि खिडक्या किंवा गॅलरीच्या रेषा दिसतात. मग मी फक्त वरच्या कठड्याच्या रेषेने पुन्हा फिरलो. ए विंग 471.

आणि हो, वर घड्याळाचं चिन्ह आहे त्याने जुने फोटो बघता येतात. एका वर्षाच्या फोटोत झाडाची सावली सी विंगवर होती, दुसऱ्यात स्वच्छ, म्हणून तो वापरला. वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोत इमारत दोन-चार मीटर सरकलेली दिसते, मी आधी घाबरलो, पण आपल्याला जागा नको आहे, क्षेत्रफळ हवं आहे, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायची गरज नाही.

पुढे बाग, पेव्हर, रॅम्प असे बरेच तुकडे होणार म्हणून भाच्याच्या सल्ल्याने क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर टाकलं, तेही फुकट. फेब्रुवारीचे दोन रविवार ह्यात गेले. मागे उपग्रहाचं चित्र लावलं, त्यावर सगळे तुकडे काढले, प्रत्येकाला नाव दिलं आणि टेबलात `area($geometry)` लिहून सगळ्यांचं क्षेत्रफळ एकदम काढलं. ए विंग 523. परत डोकं फिरलं. तीच कडा, तीच गच्ची, एकीकडे 471 आणि दुसरीकडे 523. भिंत तर यावेळी घेतली नव्हती, दोनदा बघितलं.

मग मी सरळ टेप घेऊन वर गेलो. वॉचमनने एक टोक धरलं, मी दुसरं. गच्ची आतून 31.2 मीटर लांब आणि 14.6 मीटर रुंद, म्हणजे 456. गुगल अर्थच्या 471 पेक्षा 15 कमी, पण त्याचं उत्तर हातात टेप असतानाच मिळालं, कठडा सहा इंच जाड आहे आणि फोटोत मी त्याची बाहेरची कडा घेतली होती. बाहेरून 31.5 गुणिले 14.9 केलं की 469 येतात. म्हणजे गुगल अर्थ बरोबर होतं आणि चूक क्यूजीआयएसमध्ये होती, नाही नाही, माझ्या सेटिंगमध्ये.

ते असं झालं होतं. क्यूजीआयएसमध्ये मागे वेबवरचं चित्र लावलं की प्रोजेक्ट `EPSG:3857` मध्ये जातं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका पद्धतीत, आणि माझा लेयरही मी त्यातच बनवला होता. ही पद्धत नकाशा स्क्रीनवर सरकवायला सोयीची पण विषुववृत्तापासून जसजसं लांब जाल तसतशी ती सगळं फुगवते. पुण्याच्या अक्षांशाला क्षेत्रफळ 11 टक्के फुगतं, नागपूरला 15 टक्के, सावंतवाडीकडे 8 टक्के. 471 वर 11 टक्के चढवा, 523 येतात की नाही बघा. `area($geometry)` हे त्या फुगलेल्या कागदावरच मोजतं. त्याऐवजी आपल्या भागाच्या मीटरच्या पद्धतीत बदलून मोजायचं, पुण्यासाठी ती `EPSG:32643`:

```
area(transform($geometry,'EPSG:3857','EPSG:32643'))
```

हे टाकल्यावर ए विंग 470 आली. मला इथे एवढंच सांगायचंय की कुठलंही सॉफ्टवेअर वापरा पण एक तरी गच्ची टेपने मोजा. टेप नसता तर मी 523 आणि 471 ची सरासरी काढून मोकळा झालो असतो, खरं सांगतो.

फेब्रुवारीअखेर मंजूर नकाशा आला आणि प्लॉट 3,900 हे पक्कं झालं. कठडा वजा करून यादी अशी बनली: ए 456, बी 456, सी 312, म्हणजे गच्च्या 1,224. क्लबहाउसचं पत्र्याचं छप्पर 84. पेव्हर ब्लॉक 1,420, काँक्रीटचा रॅम्प आणि कडेच्या पट्ट्या 312, बाग नि माती 860. बेरीज 3,900 येते का हे बघायचं, माझी पहिल्यांदा 3,940 आली कारण जिन्याची खोली आणि वरची टाकी मी गच्चीतही धरली होती आणि वेगळीही. तिच्यावरचं पाणी गच्चीवरच पडतं, तिला वेगळं मोजायचं कारणच नाही. सोलरच्या पॅनलचंही तेच.

क्लबहाउसवरून खजिनदार काकांशी अर्धा तास वाद झाला. छप्पर उतरतं आहे, काका म्हणाले पत्रा मी स्वतः खरेदी केलाय, 97 चौरस मीटर बसलाय, तू 84 का लिहितोस. मी त्यांना एक वही तिरकी धरून दाखवली, म्हटलं काका पाऊस वरून पडतो, त्याला खालची सावली तेवढीच दिसते, पत्रा कितीही तिरका आणि लांब असला तरी. नकाशावर वरून दिसतं तेच क्षेत्रफळ पाण्याच्या हिशोबाला बरोबर, आणि ते आयतं मिळतं. काकांना पटलं की कंटाळले माहीत नाही.

आता गुणांक. केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शिकेत वगैरे ह्यांचे पल्ले दिलेले असतात, एक आकडा नाही. काँक्रीटला 0.6 ते 0.8, पत्र्याला 0.7 ते 0.9, विटांच्या फरसबंदीला 0.5 ते 0.6, बागेला अगदी कमी, 0.05 ते 0.1. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे, गुळगुळीत, उतार चांगला, म्हणून वरचा 0.8 घेतला. पत्र्याला 0.9, रॅम्पला 0.75, पेव्हरला 0.55 कारण त्यांच्या सांध्यात वाळू आहे, बागेला 0.1. पाऊस मी 750 न घेता 700 धरला. आमचा भाग शिवाजीनगर वेधशाळेपासून पूर्वेला आहे आणि पुण्यात पूर्वेकडे जावं तसा पाऊस कमी होतो, शिवाय वर्षभरातल्या अवेळी शिंतोड्यांचं पाणी पाइपापर्यंत येतच नाही.

गच्च्या: 1,224 गुणिले 700 गुणिले 0.8, म्हणजे 6 लाख 85 हजार लिटर. क्लबहाउस 53 हजार. पेव्हर 5 लाख 47 हजार, रॅम्प 1 लाख 64 हजार, बाग 60 हजार. एकूण 15 लाखांच्या किंचित वर. 29 लाख एका झटक्यात निम्मे झाले.

पण ह्यातलं पेव्हर आणि रॅम्पचं पाणी म्हणजे गाड्यांचं ऑइल, कुत्र्यांची घाण आणि टायरची माती. गोळा केलेलं पाणी शेवटी सोसायटीच्या बोअरमध्येच सोडायचं होतं, आणि असलं पाणी त्यात सोडायला मी तयार नव्हतो, आणि प्लंबरही म्हणाला दादा तसलं करू नका, बोअर कायमचा वास मारेल. ते बागेकडे वळवता येईल, पण तो हिशोब वेगळा. म्हणजे उरले छपरांचे 7 लाख 38 हजार.

आता ज्या गोष्टीचा नकाशावर पत्ताच लागत नाही ती. गच्चीचं पाणी कुठल्या पाइपाने उतरतं? 9 मार्चला मी आणि प्लंबरने बादल्या घेऊन ए विंगच्या गच्चीवर ठिकठिकाणी पाणी ओतलं आणि ते कुठल्या तोंडाकडे धावतं ते खडूने आखलं. खाली उभी असलेली सेक्रेटरी ताई ओरडून सांगत होती, "तीन नंबर आला, पाच नंबर आला!" सहा पाइप आहेत. त्यातले मागचे दोन कंपाउंडच्या भिंतीला चिकटून सरळ पलीकडच्या नाल्यात जातात, मध्ये ड्रेनेजच्या लाइनी, तिथून वळवून आणायचं तर फुटपाथसारखा भाग पूर्ण खोदावा लागेल. त्या दोघांकडे गच्चीचा साधारण 30 टक्के भाग उतरतो. बी विंगमध्ये तेच उलट्या बाजूला. क्लबहाउस बोअरपासून टोकाला आणि खालच्या पातळीवर, तेही सोडलं. म्हणजे ए आणि बी मिळून 912 च्या 70 टक्के, 638, अधिक सी विंग पूर्ण 312. जोडता येण्यासारखी गच्ची 950 चौरस मीटर. गुणिले 700 गुणिले 0.8, 5 लाख 32 हजार लिटर. कमी पावसाच्या वर्षासाठी मी 500 मिमी धरून पण काढलं, 3 लाख 80 हजार.

इथे एक चूक बऱ्याच तक्त्यांत दिसते, 0.8 लावून झाल्यावर "गाळणी, पहिलं पाणी" म्हणून परत 0.8 लावतात. गच्ची भिजण्यातलं नुकसान पहिल्या 0.8 मध्येच आहे. दुसरी कपात लावायची तर ती पहिला गढूळ पाऊस सोडून देण्याची आहे, हे स्पष्ट लिहून लावा, सवय म्हणून नको. आम्ही पावसाळ्यातला पहिला मोठा पाऊस सोडणार होतो, म्हणून मी ती वेगळी न लावता तोंडी सांगितली.

31 मार्चच्या मीटिंगला मी चारच आकडे एका कागदावर नेले: 29.25 लाख, 15.1 लाख, 7.4 लाख, 5.3 लाख, आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ की काय गेलं. शांतता पसरली. काका म्हणाले म्हणजे 53 टँकर. आमचा टँकर 1,400 ला पडतो, म्हणजे 74 हजारांचं पाणी, तेही बोअरमध्ये मुरलेलं सगळं आपल्यालाच परत मिळेल असं नाही, बेसाल्ट खडकात पाणी फटींनी जातं आणि त्या फटी शेजारच्या सोसायटीच्या बोअरकडेही जाऊ शकतात. हे मी मुद्दाम सांगितलं. कुणीतरी विचारलंच की मग करायचं कशाला. खरा प्रश्न होता, आणि माझ्याकडे छान उत्तर नव्हतं. ताई म्हणाल्या की मिळकतकरात सवलत मिळते ती धरा, आणि जुलैत मागचा रॅम्प तुंबतो तो तरी थांबेल.

वर्षाचा आकडा तासाचा प्रश्न सोडवत नाही हेही तेव्हाच निघालं. एका तासात 50 मिमी कोसळला तर 950 चौरस मीटरवरून 38 हजार लिटर एका तासात येतात. बोअर किती पिते हे बघायला एप्रिलमध्ये एक टँकर त्यात ओतला (1,400 रुपये, आणि भर उन्हाळ्यात टँकर बोअरमध्ये ओतणाऱ्या माझ्याकडे लोकांनी कसं बघितलं ते विचारू नका). 10 हजार लिटर जायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, म्हणजे तासाला पावणेचार हजार. मोठ्या पावसात दहातले नऊ हिस्से उतू जाणार, मध्ये साठवायला खड्डा किंवा टाकी हवीच. त्यानुसार कॉन्ट्रॅक्टरला परत बोलावलं, फक्त जोडता येण्यासारखे पाइप, एक गाळणी आणि एक शोषखड्डा एवढंच मागितलं, कोटेशन 2 लाख 10 हजारांवर आलं. 29 लाखांबद्दल विचारलं तर म्हणाला "तो सर थिअरॉटिकल होता".

पावसाळ्यात मला 0.8 ची खाज होतीच. सी विंगच्या एका पाइपाकडे 52 चौरस मीटर गच्ची उतरते, त्याखाली 200 लिटरचे तीन पिंप लावले, आतून 20 लिटरच्या बादलीने खुणा करून, आणि गच्चीवर सरळ बाजूंचा स्टीलचा डबा ठेवला. 12 जूनला डब्यात 11 मिमी, म्हणजे 572 लिटर पडले होते, पिंपात आले 396. गुणांक 0.69. गच्ची तापलेली, कोरडी, कोबा पाणी पीत होता. 7 जुलैला सलग चौथ्या दिवशीच्या पावसात 9 मिमी, 468 पैकी 412 लिटर. 0.88. दोघांची सरासरी 0.8 च्या जवळ येते म्हणून मी काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले दोनच दिवसांच्या मोजणीवर उड्या मारू नकोस, डबा सप्टेंबरपर्यंत ठेव. आज 14 तारीख, डबा गच्चीवर आहे आणि रोज सकाळी सात वाजता वॉचमन मला त्याचा फोटो पाठवतो.